चुकलेल्या प्रश्नांची वही: नर्सिंग प्रवेश परीक्षेआधीच्या सात दिवसांच्या नोंदी

रविवार, ३ मे

परीक्षा पुढच्या रविवारी आहे. हाताशी सात दिवस आहेत आणि गेल्या महिन्यात वेळ लावून सोडवलेल्या चार सराव प्रश्नपत्रिका आहेत. प्रत्येकीत शंभर प्रश्न, वेळ नव्वद मिनिटे. विषय जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि अंकगणित. चारशेपैकी १०४ उत्तरे चुकली, म्हणजे सरासरी ७४ गुण पडले. या आठवड्यात नवे पुस्तक उघडायचे नाही आणि अभ्यासक्रम पहिल्या धड्यापासून वाचत बसायचे नाही, असे मी ठरवले आहे. जे उत्तर बरोबर आले, आणि ज्याचे कारणही मला सांगता येते, त्याला पुन्हा हात लावण्याइतका वेळ उरलेला नाही.

चुकलेल्या १०४ प्रश्नांत आणखी २६ प्रश्न मिळवले. पेपर सोडवताना ज्या उत्तराची खात्री नसेल त्याच्यापुढे ठिपका द्यायची सवय मी लावून घेतली होती. हे २६ प्रश्न ठिपका असूनही बरोबर आलेले, म्हणजे अंदाज लागलेले आहेत. अंदाजाने मिळालेला गुण पुढच्या वेळी मिळेलच असे नाही, म्हणून माझ्या लेखी तोही चुकलेलाच प्रश्न आहे.

आज उत्तरसूची दूर ठेवली आणि हे सर्व १३० प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवले. सुमारे तीन तास लागले. सूची समोर ठेवून चुका पाहिल्या की प्रत्येक वेळी "हो, हे तर मला माहीत होते" असे वाटते, आणि ते खरे होते की नाही हे नंतर कळायचा मार्ग उरत नाही. निकाल असा आला की १०४ पैकी ३१ उत्तरे या वेळी बरोबर आली, तर ठिपक्याच्या २६ पैकी ११ उत्तरांचे कारण मला लिहून दाखवता आले. ती ११ वगळली. उरलेले ७३ आणि १५ मिळून ८८ प्रश्न हा खरा अभ्यास आहे. ते ३१ प्रश्न हा वाचण्याचा आणि वेळेचा दोष आहे, त्यावर वेगळा उपाय लागेल.

सोमवार, ४ मे

८८ प्रश्न विषयवार लावावेत, हा पहिला विचार होता. तसे करून पाहिले आणि अर्ध्या तासाने सोडून दिले, कारण "जीवशास्त्र: ४१ चुका" या ओळीवरून उद्या सकाळी नेमके काय करायचे हे ठरत नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रश्नापुढे एकच गोष्ट लिहिली: हे चुकीचे उत्तर मला त्या वेळी काय गृहीत धरल्यामुळे बरोबर वाटले? "लक्ष नव्हते" किंवा "गोंधळ झाला" असे उत्तर चालणार नाही, असा नियम स्वतःला घातला. गृहीतक पूर्ण वाक्यात लिहायचे.

या एका रकान्याने वर्गवारी आपोआप झाली. ३४ प्रश्नांत लिहायला गृहीतकच नव्हते, कारण माहितीच नव्हती: पेलाग्रा कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, पिट्युटरी ग्रंथीच्या पश्च भागातून कोणती संप्रेरके बाहेर पडतात, अशा प्रकारचे ते प्रश्न. २९ प्रश्नांत माहिती होती, पण तिच्यामागचा नियम चुकीचा होता. १७ प्रश्नांत आकडेमोडीची रीत चुकली होती. उरलेले ८ प्रश्न आरसे आणि भिंगे यांवरचे; तो धडा मी कधी नीट शिकलेच नाही, आणि तो आता शिकायला घेतला तर दोन दिवस जातील. ते ८ प्रश्न बाजूला ठेवले. माझ्या परीक्षेच्या सूचनांनुसार चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे असे प्रश्न आले तर एखादा पर्याय निवडून पुढे जाईन.

त्या २९ प्रश्नांची गृहीतके एकाखाली एक लिहिल्यावर तीच तीच वाक्ये पुन्हा येऊ लागली. मोजली तर चुकीचे नियम फक्त नऊ निघाले. त्यामुळे उद्यापासून कामाचे एकक प्रश्न नसून हा नियम राहील.

केवळ माहितीच्या ३४ प्रश्नांसाठी छोटी कार्डे केली, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर. ती रोज संध्याकाळी वीस मिनिटे पाहायची. ज्याचे उत्तर आले ते कार्ड एक दिवस सोडून, आणि जे चुकले ते दुसऱ्याच दिवशी. या भागाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मंगळवार, ५ मे

आजचा पूर्ण दिवस एका वाक्याला दिला: "धमनीत शुद्ध रक्त असते आणि शिरेत अशुद्ध." शाळेत पाठ केलेले हे वाक्य वेगवेगळ्या पेपरांतल्या चार प्रश्नांच्या मुळाशी सापडले.

पहिला प्रश्न असा होता की ऑक्सिजन कमी असलेले रक्त कोणती वाहिनी नेते, आणि पर्यायांत महाधमनी, फुप्फुस धमनी, फुप्फुस शिरा व मानेतील धमनी ही नावे होती. पर्यायांत शिरा एकच असल्याने मी फार विचार न करता फुप्फुस शिरा लिहिले. दुसऱ्यात डाव्या अलिंदात रक्त कोणत्या वाहिनीने येते असे विचारले होते. डाव्या बाजूला शुद्ध रक्त असते हे मला माहीत होते, म्हणून "शिरा" असलेले सर्व पर्याय मी खोडले आणि महाधमनी निवडली. तिसऱ्यात फुप्फुस धमनी कोणत्या कप्प्यातून निघते असे होते; धमनी, म्हणजे शुद्ध रक्त, म्हणजे डावी बाजू, असा विचार करून मी डावे निलय लिहिले. चौथा प्रश्न नाभिनाळेचा होता: वारेकडून गर्भाकडे ऑक्सिजनयुक्त रक्त नेणारी वाहिनी कोणती? मी नाभी धमनी लिहिले होते.

चारही उत्तरे चुकीची आहेत, पण त्यांत विसंगती नाही. चुकीच्या नियमातून तर्काने जी उत्तरे यायला हवीत तीच आली आहेत. ही चार उत्तरे सुटी सुटी पाठ केली असती तर तो नियम जागच्या जागी राहिला असता आणि पाचव्या प्रश्नात पुन्हा आडवा आला असता.

वहीत जुने वाक्य खोडून नवे लिहिले: हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शिरा, त्या रक्तात ऑक्सिजन किती आहे हे नावावरून ठरत नाही. मग या एका वाक्यावरून चारही उत्तरे पुन्हा काढली. शरीरातून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त उजव्या अलिंदातून उजव्या निलयात येते आणि तिथून फुप्फुसांकडे जाते. ते हृदयापासून दूर जात असल्याने ती वाहिनी धमनीच म्हणायला हवी, म्हणून फुप्फुस धमनी उजव्या निलयातून निघते आणि तिच्यात ऑक्सिजन कमी असतो. फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन परतणारे रक्त हृदयाकडे येते, म्हणून त्या वाहिन्या शिरा आहेत आणि त्या डाव्या अलिंदात उघडतात. नाभिनाळेच्या बाबतीत हृदय गर्भाचे धरायचे, आईचे नाही; ही गोष्ट ध्यानात आल्यावरच चौथा प्रश्न सुटला. वारेकडून येणारे रक्त गर्भाच्या हृदयाच्या दिशेने जाते, म्हणून ती नाभी शिरा आहे आणि तिच्यातले रक्त ऑक्सिजनयुक्त आहे. नाळेत सामान्यतः दोन धमन्या आणि एक शिरा असते, हेही त्यासोबत नोंदवले.

नव्या वाक्याची मर्यादाही तपासली. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या यकृत निवाहिका शिरेपाशी ते थोडे अडखळते, कारण ती थेट हृदयाकडे जात नाही. केशिकांच्या एका जाळ्यातून निघून यकृतातल्या दुसऱ्या जाळ्यात संपते. दिशा हृदयाकडची असली तरी वाटेत हा थांबा आहे. हा अपवाद शेजारी लाल शाईने लिहून ठेवला.

एका नियमाला दिवसभर देणे जास्त होते का, असा प्रश्न संध्याकाळी पडला. पण उरलेले आठ नियम याच्याएवढे खोल नाहीत. त्यांतले तीन आजच उरकले.

बुधवार, ६ मे

आज आकडेमोडीचे १७ प्रश्न घेतले. मला वाटत होते की गुणाकार-भागाकारात घाई होत असावी. प्रत्यक्षात सतरापैकी केवळ दोन ठिकाणी गुणाकार चुकला होता. बाकी पंधरा ठिकाणी मांडणीच चुकीची होती.

सलाइनचा प्रश्न घेते. ०.९ टक्के तीव्रतेच्या ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये मीठ किती ग्रॅम? माझे उत्तर ०.४५ होते. हा आकडा आला कुठून, हे उलटे शोधत गेले. ०.९ ला दोनने भागले की ०.४५ येते, म्हणजे ०.९ ग्रॅम मीठ एका लिटरमध्ये आहे असे मी धरले होते. अशा द्रावणांत टक्के म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे इतके ग्रॅम. तेव्हा १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम, ५०० मध्ये त्याच्या पाचपट, म्हणजे ४.५ ग्रॅम. दुसऱ्या पेपरात ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज किती, याला मी ५ ग्रॅम लिहिले होते. बरोबर उत्तर ५० ग्रॅम. दोन्हीकडे चूक एकच, आणि दोन्हीकडे माझे उत्तर बरोबर दहापट कमी. चूक नेमकी दहापट किंवा हजारपट असेल तर दोष एककात आहे, ही खूण त्यावरून मिळाली.

तापमानाचे दोन प्रश्न मात्र वाचताना लाज वाटली. ३९ अंश सेल्सिअसचे फॅरनहाइट करताना मी आधी ३२ मिळवले आणि मग ९/५ ने गुणले, उत्तर १२७.८ आले, ते पर्यायांत होते आणि मी ते निवडले. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते, म्हणूनच तो आकडा पर्यायांत ठेवलेला असतो. आपला आकडा पर्यायांत सापडला म्हणजे उत्तर बरोबर आले, असे मानणे किती धोक्याचे आहे ते इथे दिसले. ३९ अंश म्हणजे ताप आहे, आणि १२७.८ फॅरनहाइट हे जिवंत माणसाच्या तापाचे माप असूच शकत नाही. बरोबर क्रमाने ३९ गुणिले ९/५ म्हणजे ७०.२, त्यात ३२ मिळवून १०२.२.

यासाठी दोन टेकू पाठ केले: ३७ म्हणजे ९८.६ आणि ४० म्हणजे १०४. सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८ अंश, म्हणून ३९ साठी ९८.६ मध्ये ३.६ मिळवले तरी १०२.२ च येते. सूत्राने काढायचे आणि टेकूने पडताळायचे, याला दहा सेकंदही लागत नाहीत.

औषधाच्या मात्रेच्या गणितांतही एकके आधी सारखी करण्याचा नियम केला. ०.२५ ग्रॅम मात्रा आणि १२५ मिलिग्रॅमची गोळी असेल, तर आधी २५० मिलिग्रॅम लिहायचे आणि मगच भागायचे. उत्तर दोन गोळ्या. पूर्वी मी ही पायरी मनात करत असे आणि कधी कधी भागाकारच उलटा करत असे.

गुरुवार, ७ मे

आजचा दिवस ठरवल्याप्रमाणे गेला नाही, पण आठवड्यातला तोच सर्वांत उपयोगी दिवस ठरला.

सकाळी दुरुस्त केलेल्या प्रश्नांपैकी वीस मूळ प्रश्न पुन्हा सोडवले आणि १९ बरोबर आले. समाधान वाटत असतानाच ध्यानात आले की दोन ठिकाणी प्रश्न पूर्ण वाचण्याआधीच माझा हात तिसऱ्या पर्यायाकडे गेला होता. उत्तर कळलेले नव्हते, त्याची जागा आठवत होती. माझी एक मैत्रीण सध्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकते. तिला ते वीस प्रश्न देऊन सांगितले की, "प्रत्येकाचा जुळा प्रश्न कर, मुद्दा तोच ठेव, पण विचार दुसऱ्या टोकाकडून, आणि पर्याय देऊ नकोस." दुपारी तिने तयार केलेल्या वीस जुळ्या प्रश्नांपैकी माझे १२ बरोबर आले. एकोणीस आणि बारा यांतला हा फरक म्हणजे पाठांतराचा फुगा आहे.

चुकलेल्या आठांपैकी तीन परासरणाचे होते. मूळ प्रश्न असा होता: तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात ठेवल्यास काय होईल? ती फुगते आणि फुटते, हे मला येत होते. जुळा प्रश्न असा होता: एका द्रावणात ठेवल्यावर पेशी आकसली, तर ते द्रावण पेशीच्या तुलनेत कसे आहे? मी अवपरासारी लिहिले. बरोबर उत्तर अतिपरासारी. आकसलेली पेशी डोळ्यांसमोर आली आणि "अव" म्हणजे कमी, हा शब्द मी पेशीलाच लावला. हे विशेषण द्रावणाचे असते, पेशीचे नाही, आणि पाणी ज्या बाजूला विद्राव्य जास्त तिकडे जाते, ही दोन वाक्ये वहीत लिहिली. कालच्या सलाइनची इथे मदत झाली. ०.९ टक्के सलाइन रक्तपेशीच्या जवळपास बरोबरीचे, म्हणजे समपरासारी असते. शुद्ध पाणी त्याच्या खाली, म्हणून पाणी पेशीत शिरते आणि ती फुगते. ३ टक्के सलाइन त्याच्या वर, म्हणून पाणी बाहेर येते आणि पेशी आकसते. मध्यभागी ०.९ ठेवून दोन्ही बाजू आखल्यावर तिन्ही जुळे प्रश्न सुटले.

आता दिवसातला दुसरा धक्का. आठांपैकी एका उत्तरावर मैत्रिणीने विचारले, "इन्सुलिन अल्फा पेशींतून स्रवते असे तू का लिहिलेस?" माझ्या वहीत तसाच दुरुस्त नियम होता. मूळ पेपरात मी बीटा लिहिले होते, उत्तरसूचीत अल्फा होते, आणि सोमवारी मी सूचीवर विश्वास ठेवून स्वतःचे बरोबर ज्ञान खोडले होते. पाठ्यपुस्तकात पाहिले: स्वादुपिंडातील लँगरहॅन्सच्या द्वीपकांमध्ये बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात आणि अल्फा पेशी ग्लुकॅगॉन. दुसऱ्या एका पेपरात ग्लुकॅगॉनसाठी अल्फा हे उत्तर मी बरोबर दिले होते, म्हणजे ही विसंगती तीन दिवस माझ्याच वहीत पडून होती. छापील सूचीतली एक चूक चुकांच्या वहीतून थेट माझ्या डोक्यात गेली.

संध्याकाळी कार्डे पाहण्याऐवजी वहीतली प्रत्येक दुरुस्ती पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिली. दीड तास लागला. आणखी एकही चूक मिळाली नाही. हे काम सोमवारीच व्हायला हवे होते.

शुक्रवार, ८ मे

राखून ठेवलेला पाचवा, कधीही न पाहिलेला पेपर आज सकाळी घड्याळ लावून सोडवला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो ठेवला असता, तर त्यातल्या चुका पाहायला दिवस उरला नसता.

त्याआधी रविवारच्या त्या ३१ प्रश्नांचा हिशेब केला. तेरा ठिकाणी प्रश्नातला "नाही" किंवा "वगळता" हा शब्द सुटला होता. आठ ठिकाणी विचारले एक आणि उत्तर दिले दुसऱ्याचे. उदाहरणार्थ शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी विचारली असताना सर्वांत मोठा अवयव म्हणून त्वचा लिहिली, तिथे यकृत हवे होते. उरलेले दहा चारही पेपरांच्या शेवटच्या पंधरा प्रश्नांतले निघाले, म्हणजे तिथे केवळ धावपळ झाली होती. परीक्षा संगणकावर असल्याने प्रश्नाखाली रेघ मारता येणार नाही. म्हणून नकारार्थी प्रश्न दिसला की कच्च्या कागदावर आधी "नाही" हा शब्द लिहायचा आणि प्रत्येक पर्यायापुढे खरे की खोटे ते मांडायचे, असे ठरवले. वेळेसाठी एकच खूण ठेवली: ४५ मिनिटे होतील तेव्हा ५५ प्रश्न झालेले हवेत, आणि लांबलचक गणिते पहिल्या फेरीत सोडून द्यायची.

८२ गुण आले. चुकलेल्या अठरांपैकी पाच भिंगे-आरशांचे, सहा पूर्णपणे नव्या माहितीचे, चार वाचण्याच्या चुकीचे आणि तीन जुन्या नियमांचे. ७४ वरून ८२ हा आकडा बरा दिसतो, पण हा पेपर थोडा सोपाही असू शकतो, म्हणून मी त्या तीनकडे जास्त पाहते. सोमवारी या नियमांमुळे चार पेपरांत २९ चुका होत्या, म्हणजे एका पेपरात साधारण सात. आज तीन झाल्या. त्यांतल्या दोन आम्ल-आम्लारीच्या आहेत: पीएच एक अंकाने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती दहापट वाढते, हे मी अजूनही घाईत उलटे करते.

उत्तर बदलण्याचाही हिशेब ठेवला. अकरा उत्तरे बदलली. सहा चुकीची बरोबर झाली, तीन बरोबर होती ती चुकली, दोन चुकीची चुकीचीच राहिली. पहिले उत्तर कधीच बदलू नये असे बरेच जण सांगतात. माझ्या कागदावर तसे दिसत नाही. जी तीन बिघडली, त्यांच्यापुढे बदलाचे कारण काहीच लिहिलेले नव्हते. म्हणून कारण सांगता आले तरच बदल करायचा.

शनिवार, ९ मे

नवा प्रश्न एकही नाही. वहीतले नऊ नियम, तापमानाचे दोन टेकू, टक्क्यांची व्याख्या आणि परासरणाची ती आडवी रेघ एका पानावर उतरवून घेतली. इन्सुलिनचा नियम खोडला असल्याने खरे तर आठच उरायला हवे होते, पण शुक्रवारच्या पेपरानंतर आम्ल-आम्लारीच्या जुन्या नियमातून पीएचचा भाग वेगळा काढून त्या जागी लिहिला. ३४ कार्डांपैकी २७ सलग दोनदा बरोबर आली आहेत. उरलेली सात रात्री एकदा आणि सकाळी एकदा पाहीन.

प्रवेशपत्र आणि ओळखपत्र दुपारीच पिशवीत ठेवले. सायंकाळी पाच वाजता मैत्रिणीने फोनवर तोंडी जुळे प्रश्न विचारले, प्रत्येक नियमाला एक. नाभी शिरेचा प्रश्न तिने फिरवून विचारला: "गर्भाकडून वारेकडे जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन कसा असेल, आणि त्या वाहिनीला काय म्हणशील?" कमी असेल, आणि ती गर्भाच्या हृदयापासून दूर जाते म्हणून नाभी धमनी, असे मी सांगितले. नवांपैकी आठ नियमांपुढे बरोबरची खूण झाली. पीएचच्या ओळीपुढची जागा अजून रिकामी आहे. ती ओळ पानाच्या अगदी वर पुन्हा लिहिली आणि वही बंद केली.